स्टीमवरची विक्री, अमेरिकेत कापलेला कर आणि इंदूरमधलं एक विवरणपत्र

हे प्रकरण इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका तरुण गेम डेव्हलपरचं आहे. नोकरी सांभाळून रात्री जागून त्याने एकट्याने एक कोड्यांचा गेम तयार केला आणि 2024 च्या जूनमध्ये तो स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर विक्रीला आला. ऑगस्टअखेर त्याने नोकरी सोडली. त्याच्या घरच्यांशी आमचा जुना घरोबा, म्हणून तो मला काकू म्हणतो, आणि त्याचं विवरणपत्रही मीच भरते. त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव आणि गेम ओळखू येईल असं काही दिलेलं नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे गोल केले आहेत. प्रमाणं मात्र खरी आहेत.

वर्ष आहे आर्थिक वर्ष 2024-25. खाली जी कलमं आणि फॉर्मचे क्रमांक येतील ते त्या वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक जसेच्या तसे उचलू नका.

असे बहुतेक जण माझ्याकडे पैसे आल्यावर येतात आणि विचारतात, "यावर टॅक्स किती?" हा मुलगा पैसे येण्याआधी आला, आणि या प्रकरणात सगळ्यात मोठी रक्कम त्यामुळेच वाचली. परदेशी स्टोअरच्या कमाईत कराचा मोठा निर्णय विवरणपत्र भरताना होत नाही. तो पेआउटची माहिती भरतानाच, एका ऑनलाइन प्रश्नावलीत होऊन जातो.

नाव कोणाचं लिहायचं

स्टीमवर गेम विकायचा तर आधी स्टीमवर्क्सचं खातं काढावं लागतं. त्यात करार मान्य करायचा, प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरायचे, बँकेचा तपशील द्यायचा आणि कराची प्रश्नावली पूर्ण करायची. हे 100 डॉलर गेमची कमाई 1,000 डॉलरच्या पुढे गेली की परत मिळतात. फी भरल्यापासून गेम प्रत्यक्ष विक्रीला येईपर्यंत किमान 30 दिवस जावे लागतात, त्यामुळे कागदपत्रं नीट करायला वेळ असतो. तो बहुतेक लोक ट्रेलर कापण्यात घालवतात.

पहिलाच प्रश्न आला तो नावाचा. त्याने आपल्या कामाला एक स्टुडिओचं नाव दिलं होतं, लोगोही करून ठेवला होता, आणि कायदेशीर नावाच्या रकान्यात तेच टाकायचं त्याच्या मनात होतं. मी त्याला विचारलं, "अरे, या नावाची कंपनी नोंदवली आहेस का? पॅन आहे का या नावाचं? बँक खातं?" तिन्हींचं उत्तर नाही. मग तो स्टुडिओ म्हणजे कायद्याच्या नजरेत तो स्वतःच. एकट्याच्या धंद्याला वेगळं अस्तित्व नसतं; उत्पन्न त्याच्या पॅनवर येतं आणि कर तोच भरतो.

म्हणून कायदेशीर नाव त्याचं स्वतःचं, प्रकार 'व्यक्ती'. स्टोअरच्या पानावर डेव्हलपर म्हणून जे नाव दिसतं ते वेगळं ठेवता येतं, तिथे स्टुडिओचं नाव खुशाल टाकावं. पण चुकून 'कंपनी' निवडलं तर अमेरिकेच्या कराचा फॉर्मच बदलतो. व्यक्तीसाठी W-8BEN आणि संस्थेसाठी W-8BEN-E असतो. नसलेल्या कंपनीच्या नावाने फॉर्म भरून वैयक्तिक खात्यात पैसे मागवले की तपासणीत अडकतो.

यात आपल्या मराठी नावांचा एक खास घोळ आहे. त्याच्या पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं पूर्ण लिहिलेलं होतं. बँकेचं खातं शाळेत असताना काढलेलं, त्यावर फक्त नाव आणि आडनाव, मध्ये वडिलांच्या नावाचं एक अक्षर. स्टीमवर्क्समध्ये लिहिलेलं नाव, कराच्या फॉर्मवरचं नाव आणि बँक खातेदाराचं नाव एकच असावं लागतं. माणसाला कळतं की दोन्ही नावं एकाचीच, पण जुळवणी करणाऱ्या यंत्रणेला ते कळेलच असं नाही. आम्ही बँकेत पॅनची प्रत देऊन खात्यावरचं नाव पॅनप्रमाणे करून घेतलं आणि मगच पुढे गेलो. पॅन बदलण्यापेक्षा बँकेतलं नाव बदलणं सोपं, आणि पॅनचं नाव पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार असतं.

बँकेच्या तपशिलात खाते क्रमांकाबरोबर स्विफ्ट कोड लागतो. आपल्याकडच्या प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड असतोच असं नाही. पुष्कळदा शहरातल्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा कोड द्यावा लागतो. इंटरनेटवरच्या यादीतून कोड उचलू नये. शाखेत जाऊन लेखी घ्यावा. त्याच्या शाखेने दिलेला कोड दुसऱ्याच शाखेचा होता आणि तोच बरोबर होता.

प्रश्नावलीतली दोन उत्तरं

आता मुख्य गोष्ट. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी आहे. अमेरिकन ग्राहकांना झालेल्या विक्रीतला डेव्हलपरचा वाटा ती अमेरिकेत उगम पावलेली रॉयल्टी मानते, आणि परदेशी माणसाला अशी रॉयल्टी देताना अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे 30 टक्के कर कापावा लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्याच्या 12 व्या अनुच्छेदाप्रमाणे अशा रॉयल्टीवरचा दर 15 टक्क्यांवर येतो. पण हा दर आपोआप मिळत नाही. तो W-8BEN मध्ये मागावा लागतो.

त्यासाठी प्रश्नावलीत दोन उत्तरं बरोबर जावी लागतात. एक, आपण भारताचे कर-रहिवासी आहोत आणि करारातला लाभ हवा आहे हे सांगणं. दोन, कर ओळख क्रमांक देणं. या दुसऱ्या ठिकाणी खूप जण थांबतात, कारण त्यांना वाटतं की अमेरिकेचाच क्रमांक लागतो आणि तो मिळवायला महिने जातील. तसं नाही. परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात आपलं पॅन चालतं. पत्ता कायम राहण्याचा द्यायचा, पोस्ट बॉक्सचा नाही, आणि तोही पॅन-आधारशी मिळताजुळता.

पॅनचा रकाना रिकामा सोडला तरी प्रश्नावली पूर्ण होते, खातं सुरू होतं, पैसेही येतात. फक्त 30 टक्के कापून येतात. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही, म्हणून ही चूक वर्षभर कळत नाही.

सही झालेला W-8BEN साधारणपणे सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेरपर्यंत चालतो. याची सही 2024 मध्ये झाली, म्हणजे 31 डिसेंबर 2027 पर्यंत. मध्येच पत्ता दुसऱ्या देशातला झाला किंवा कंपनी काढली तर त्याआधीच नवा भरावा लागतो.

पहिल्या महिन्याचा हिशेब

जूनच्या विक्रीचे पैसे जुलैअखेर निघाले. स्टीम एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या शेवटी पाठवतं, आणि देय रक्कम 100 डॉलरपेक्षा कमी असेल तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. पैसे आले त्या दिवशी त्याचा फोन आला. "काकू, पैसे तर आले, पण हिशेब लागत नाहीये. सहा हजार डॉलरची विक्री दिसत होती."

तर तो हिशेब असा होता. ग्राहकांनी मोजलेली एकूण रक्कम 6,000 डॉलर. त्यातून 480 डॉलर परताव्यात गेले, कारण स्टीमवर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, आणि छोट्या गेमच्या बाबतीत हे बरंच होतं. 620 डॉलर निरनिराळ्या देशांतल्या व्हॅटचे आणि विक्रीकराचे. हा कर स्टीमच गोळा करून भरतं. तो डेव्हलपरच्या उत्पन्नात येतच नाही. उरले 4,900 डॉलर. त्यातला 30 टक्के वाटा स्टीमचा, 70 टक्के याचा, म्हणजे 3,430 डॉलर.

या 3,430 पैकी अमेरिकन ग्राहकांच्या विक्रीतून आलेला भाग 40 टक्के होता, म्हणजे 1,372 डॉलर. कर फक्त एवढ्यावर. जर्मनी, ब्राझील, जपान किंवा भारतातल्या विक्रीवर अमेरिका काही कापत नाही. 1,372 चे 15 टक्के म्हणजे 205 डॉलर 80 सेंट. स्टीमने पाठवले 3,224 डॉलर 20 सेंट.

दर बरोबर लागला की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. महिन्याच्या पेमेंट रिपोर्टमध्ये कापलेला कर आणि अमेरिकेतल्या विक्रीचा आपला वाटा, दोन्ही दिसतात. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

```
205.80 / 1372.00 = 0.15
```

उत्तर 0.15 आलं तर करार लागू झाला. 0.30 आलं तर लगेच प्रश्नावली पुन्हा उघडायची. एकूण वाट्याने भागू नका, 205.80 ला 3,430 ने भागलं तर सहा टक्के येतात आणि सगळं छानच चाललंय असा गैरसमज होतो.

त्याआधी बँकेत मात्र पैसे दोन दिवस अडून राहिले होते. शाखेतून फोन आला, "ये पैसा किस चीज़ का है?" परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला बँकेला एक परपज कोड लावावा लागतो आणि तो ग्राहकाला विचारला जातो. आम्ही स्टीमशी झालेल्या कराराची प्रत आणि महिन्याचा रिपोर्ट दिला आणि कॉपीराइटच्या परवान्यापोटी मिळालेली रक्कम म्हणून P0902 लावून घेतला. अमेरिकेत हीच रक्कम रॉयल्टी म्हणून दाखवली गेली आहे, तेव्हा दोन्हीकडचे कागद एकच गोष्ट सांगतात. भेट म्हणून किंवा घरखर्चासाठी आलेले पैसे म्हणून नोंद होऊ देऊ नका. फोनवर घाईघाईत "हो, हो" म्हटलं की तसंही होतं.

मधल्या बँकेचं शुल्क, आपल्या बँकेचा विनिमय दर आणि चलनबदलावरचा जीएसटी यांत थोडे पैसे जातात. त्याने शाखेत दराबद्दल विचारल्यावर पुढच्या वेळी दर जरा बरा मिळाला. प्रत्येक वेळी बँकेकडून परदेशी रक्कम जमा झाल्याचं पत्र, म्हणजे फिरा, मागून घेतलं. हा कागद नंतर मागायला गेलं की फार फेऱ्या होतात.

उत्पन्न किती धरायचं

मार्च 2025 पर्यंतच्या सगळ्या पेमेंटची बेरीज केली तर त्याचा वाटा झाला 16,000 डॉलर. त्यातला अमेरिकेचा भाग 6,400 डॉलर, त्यावर 15 टक्क्यांनी 960 डॉलर कापले गेले. हाती पाठवले गेले 15,040.

इथे त्याने एक साहजिक प्रश्न विचारला. "बँकेत आले तेवढेच दाखवायचे ना?" नाही. कापलेला कर हा त्याच्याच कमाईतून त्याच्या वतीने भरलेला कर आहे. उत्पन्न 16,000 चं आहे. बँकेत जमा झालेली रक्कमच उत्पन्न म्हणून दाखवली आणि वर त्या कराचं श्रेयही, म्हणजे भारतातल्या करातून त्यापोटी वजावटही मागितली, तर एकाच पैशाचा लाभ दोनदा घेतल्यासारखं होतं, आणि नोटिशीला उत्तर देताना काहीच सांगता येत नाही.

हिशेब सोपा राहावा म्हणून इथे सगळीकडे डॉलरचा भाव 84 रुपये धरते. प्रत्यक्षात आलेल्या पैशांना बँकेने लावलेला दर घेतला, आणि कापलेल्या कराला नियम 128 प्रमाणे कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी बायिंग दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो. 84 च्या भावाने 16,000 डॉलर म्हणजे 13,44,000 रुपये, आणि 960 डॉलर म्हणजे 80,640 रुपये.

त्याने कलम 44ADA घेतलं. माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसायांपैकी आहे, गेमचा कोड त्याने स्वतः लिहिलेला आहे, आणि जमा रक्कम मर्यादेच्या खूप आत आहे. या कलमात निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते, खर्चाची पावती-पावती ठेवावी लागत नाही. त्याचा खरा खर्च, म्हणजे संगीत, चित्रं, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सगळं धरून निम्म्याच्या जवळपासही जात नव्हता. दुसऱ्यांचे गेम विकत घेऊन आपल्या नावाने प्रकाशित करणाऱ्याला मी हे कलम सुचवणार नाही. तो व्यापार झाला.

तर गेमचं करपात्र उत्पन्न 6,72,000. एप्रिल ते ऑगस्ट महिना 45,000 प्रमाणे पगार 2,25,000, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 1,50,000. एकूण 8,22,000. नव्या कररचनेत त्या वर्षी 3 लाखांपर्यंत शून्य, 3 ते 7 लाखांवर 5 टक्के आणि 7 ते 10 लाखांवर 10 टक्के. कर झाला 20,000 अधिक 12,200, म्हणजे 32,200. चार टक्के उपकर मिळवून 33,488.

तो खूश झाला. "म्हणजे अमेरिकेत 80 हजार भरलेत, इथे 33 हजार लागतात. मग उलट परत मिळतील ना?"

श्रेय का कमी मिळालं

त्याला वाटलं ते चूक असलं तरी समजण्यासारखं आहे. आपल्याकडच्या टीडीएसची सवय असते: जास्त कापला तर परतावा येतो. पण परदेशात भरलेला कर भारत सरकारच्या तिजोरीत आलेलाच नाही. सरकार त्याचं श्रेय देतं, परतावा देत नाही. आणि श्रेयही किती, तर दोन रकमांपैकी कमी असेल ती: परदेशात भरलेला कर, किंवा त्याच उत्पन्नावर भारतात लागणारा कर. यातला 'त्याच उत्पन्नावर' हा भाग महत्त्वाचा आहे.

अमेरिकेने कर लावला तो फक्त अमेरिकेतल्या विक्रीवर. गेमच्या 6,72,000 च्या उत्पन्नात अमेरिकेचा भाग 40 टक्के, म्हणजे 2,68,800. एकूण 8,22,000 वर कर 33,488, म्हणजे सरासरी दर चार टक्क्यांच्या थोडा वर. त्या दराने 2,68,800 वरचा भारतीय कर येतो 10,951 रुपये. श्रेय मिळणार एवढंच.

80,640 मधून 10,951 गेले, उरले 69,689. ते पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत, परत मिळत नाहीत. भारतात भरायचा कर राहिला 22,537.

मला हे त्याला सांगताना वाईट वाटलं, पण कारण स्पष्ट आहे. अमेरिका 15 टक्के लावते ते एकूण रॉयल्टीवर, खर्च वगैरे काही न पाहता. भारत लावतो तो निम्म्या उत्पन्नावर, आणि तोही खालच्या टप्प्यांच्या दराने. कमी उत्पन्न असलेल्या डेव्हलपरचा भारतातला दर 15 टक्क्यांच्या कितीतरी खाली असतो, म्हणून अमेरिकेचा कर त्याच्यासाठी बराचसा कायमचा खर्च ठरतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला मात्र तेच श्रेय बरंचसं उपयोगी पडतं.

आता हेच आकडे W-8BEN चुकला असता तर कसे दिसले असते ते पाहा. कापले गेले असते 1,61,280. भारतात श्रेय तरीही 10,951 च, कारण मर्यादा भारतीय कराची आहे. शिवाय करारातल्या दरापेक्षा जास्त कापलेल्या भागाचं श्रेय भारत देतच नाही. तो अमेरिकेच्या कर खात्याकडून 1040-NR हे विवरणपत्र भरून परत मागावा लागतो, आणि त्यासाठी तिथला कर क्रमांक काढावा लागतो. म्हणजे प्रश्नावलीतल्या एका रकान्यात पॅन टाकल्याने 80,640 रुपये वाचले, आणि नंतरच्या सगळ्या फॉर्मांनी मिळून 10,951.

कागदपत्रं आणि तारखा

श्रेयासाठी फॉर्म 67 ऑनलाइन भरावा लागतो. तो करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे या प्रकरणात 31 मार्च 2026 पर्यंत भरता येत होता, पण मी तो विवरणपत्राच्या आधी भरते, म्हणजे दोन्हीतले आकडे जुळतात. त्याला जोडायचा पुरावा म्हणजे 1042-S. व्हॉल्व्हने वर्षभरात किती अमेरिकन उत्पन्न दिलं आणि किती कर कापला याचं हे प्रमाणपत्र मार्चच्या मध्यापर्यंत मिळतं. त्यात एकूण उत्पन्नाच्या रकान्यात फक्त अमेरिकेतला भाग असतो, हे लक्षात ठेवा. तो आकडा सगळी कमाई समजून विवरणपत्रात टाकला तर 60 टक्के उत्पन्न दाखवायचं राहून जातं.

आणि 1042-S जानेवारी ते डिसेंबरचं असतं, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. 2024 च्या प्रमाणपत्रात त्याची डिसेंबरपर्यंतचीच पेमेंट आली. जानेवारी ते मार्च 2025 चा कर पुढच्या प्रमाणपत्रात दिसणार होता. म्हणून आम्ही त्या तीन महिन्यांचे पेमेंट रिपोर्ट आणि त्याने सही केलेलं विवरण जोडलं. नियमात याची सोय आहे. महिन्याचे सगळे रिपोर्ट उतरवून ठेवा असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्याचा उपयोग इथे झाला.

विवरणपत्राच्या बाबतीत एक सापळा आहे. 44ADA म्हटलं की लोक सहज आयटीआर-4 उघडतात, कारण तो छोटा आहे. परदेशात उगम पावलेलं उत्पन्न असेल किंवा परदेशी कराचं श्रेय मागायचं असेल तर आयटीआर-4 चालत नाही. आयटीआर-3 भरावा लागतो. 44ADA चं उत्पन्न त्यातही दाखवता येतं. परदेशी उत्पन्न शेड्यूल FSI मध्ये आणि श्रेय शेड्यूल TR मध्ये जातं. अमेरिकेत कापलेला हा कर 26AS मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-जमेच्या उताऱ्यात, कधीच दिसणार नाही, तेव्हा तो तिथे शोधत बसू नये. पैसे परदेशातल्या एखाद्या वॉलेटमध्ये किंवा खात्यात ठेवले असते तर परदेशी मालमत्तेचं शेड्यूल FA सुद्धा भरावं लागलं असतं. याचे थेट इंदूरच्या खात्यात येत होते, म्हणून ते टळलं.

आगाऊ कर विसरू नका. 44ADA वाल्याला चार हप्ते नसतात, पण 15 मार्चपर्यंत सगळा आगाऊ कर भरावा लागतो. देय कर 10,000 च्या वर जाणार हे फेब्रुवारीतच दिसत होतं. पगारातून काही कापलं गेलं नव्हतं, कारण महिना 45,000 प्रमाणे वर्षाच्या पगारावर कर शून्य येत होता. आम्ही अंदाज बांधून मार्चच्या पहिल्या आठवड्यात 22,500 भरले, म्हणून व्याज लागलं नाही.

जीएसटीबद्दल त्याला कोणीतरी घाबरवून ठेवलं होतं. त्याची जमा 13 लाखांच्या घरात, आणि सेवा देणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची. नोंदणी केली नाही. 20 लाख ओलांडले तर नोंदणी करावी लागेल, मग निर्यातीवर कर न भरता सेवा देण्यासाठी LUT हे हमीपत्र भरावं लागेल, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्याने. विक्रीवर लक्ष ठेवून 17-18 लाखांना पोहोचताच कळव, एवढं मी त्याला सांगून ठेवलं आहे.

पुढचं वर्ष

2025-26 चा अंदाज मांडायला तो दिवाळीनंतर आला. नव्या रचनेत त्या वर्षापासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळून कर शून्य होतो. त्याने आनंदाने विचारलं, "म्हणजे आता श्रेय पूर्ण मिळेल?"

उलट आहे. समजा त्याचे आकडे अगदी मागच्यासारखेच राहिले, उत्पन्न 8,22,000. भारतातला कर शून्य. मग अमेरिकन उत्पन्नावरचा भारतीय करही शून्य, आणि श्रेयही शून्य. 80,640 रुपये पूर्णच्या पूर्ण गेले. तरी एकूण पाहिलं तर तो फायद्यातच आहे: मागच्या वर्षी दोन्हीकडचं मिळून 1,03,177 गेले होते, यावेळी 80,640. श्रेय मिळवण्यासाठी भारतात मुद्दाम कर लागू करून घेण्यात काही अर्थ नाही, हे त्याला आकडे समोर ठेवल्यावर पटलं.

फॉर्म 67 त्या वर्षासाठी भरायची गरज उरत नाही, कारण मागायला काहीच नाही. आयटीआर-3 आणि शेड्यूल FSI मात्र सुटत नाहीत. उत्पन्न परदेशातलं आहे ते आहेच, कर शून्य असला तरी. आता त्याने स्वतःची एक शीट केली आहे: महिना, एकूण वाटा, अमेरिकेचा भाग, कापलेला कर, बँकेत आलेले रुपये, फिराचा क्रमांक. दुसरा गेम येत्या हिवाळ्यातल्या सेलच्या आधी आणायचा त्याचा विचार आहे, आणि त्याच्या चित्रकाराला वाट्याने पैसे द्यायचे आहेत. त्या देण्याचा करार कसा करायचा यावर आमचं बोलणं सुरू आहे.